गाडीचं कर्ज: 8 लाख 7 वर्षांसाठी की 6 लाख 5 वर्षांसाठी?

मिरज_पॅसेंजर:
नमस्कार मंडळी. राहायला विश्रामबाग, नोकरी कुपवाड एमआयडीसीत. पहिलीच चारचाकी घेतोय. शोरूमची किंमत 8 लाख 60 हजार; आरटीओ, विमा वगैरे धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंत 9 लाख 90 हजार. हातात पगार 58 हजार येतो आणि त्यातून घरकर्जाचा 14,500 चा हप्ता जातो. बायको घरी शिकवण्या घेते, पण ते पैसे आम्ही हिशोबात धरत नाही. शिल्लक म्हणाल तर 5 लाखांची एफडी, ती पुढच्या महिन्यात सुटतेय.

बँकवाला म्हणतो, 9 टक्क्यांनी 8 लाख देतो, 7 वर्षं घ्या, हप्ता 12,871. वडील म्हणतात, एवढं कर्ज कशाला, 6 लाखच घे आणि 5 वर्षांत मोकळा हो. त्याचा हप्ता 12,455 बसतो. म्हणजे हप्ता जवळपास सारखाच! पण व्याज पहिल्यात 2 लाख 81 हजार आणि दुसऱ्यात 1 लाख 47 हजार. 1 लाख 34 हजारांचा फरक पाहून झोप उडाली. पण वडिलांचं ऐकलं तर एफडीतले 3 लाख 90 हजार जातात आणि हातात फक्त 1 लाख 10 हजार उरतात. तुम्ही काय केलं असतं?

भडंगवाला:
मी एसटीचा पास काढला असता.

अजिंक्यतारा_11:
सातारकराचं मत घ्या. 8 लाखच घ्या, तेही 7 वर्षांसाठी, आणि जास्तीचे 2 लाख एफडीतच ठेवा. लोक कर्जाचं व्याज बघतात, एफडीचं बघत नाहीत. 2 लाख 7 टक्क्यांनी 7 वर्षं ठेवले तर चक्रवाढीनं 3 लाख 25 हजार होतात, म्हणजे व्याज सव्वा लाख. तेच 2 लाख 9 टक्क्यांनी 7 वर्षं कर्जाऊ घेतले तर एकूण व्याज फक्त 70 हजार, कारण कर्जाचं व्याज घटत्या शिलकीवर लागतं. सव्वा लाख आले, 70 हजार गेले, 55 हजार निव्वळ फायदा. हे गणित कुणी सांगत नाही.

कंदी_पेढा:
9 टक्के?? भाऊ, फसताय तुम्ही. मी मागच्या वर्षी पोवई नाक्यावर शोरूममध्येच फायनान्स केलं, 5 टक्के फ्लॅट. 7 वर्षं. बँकेत चपला झिजवायची गरजच पडली नाही.

ऊसवाला_वाळवा:
आमचा ट्रॅक्टर पण असाच घ्यायचा हाय. आम्हाला महिन्याचा हप्ता परवडत न्हाई, बिल काय महिन्याला येत न्हाई. सहामाही हप्ता मिळतो का? कारखाना सुरू झाला की पैसा येणार, मधी कुठनं द्यायचा?

निवृत्त_शाखाधिकारी:
सहकारी बँकेत 31 वर्षं काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. एकेकाला उत्तर देते.

कंदी पेढा, तुमचं 5 टक्के फ्लॅट आणि धागाकर्त्याचं 9 टक्के घटत्या शिलकीवर, हे दोन्ही एकच आहे. फ्लॅट म्हणजे पहिल्या दिवसाच्या रकमेवर शेवटच्या दिवसापर्यंत व्याज, मधे कितीही फेडलं असलं तरी. 8 लाखांचे 5 टक्के म्हणजे वर्षाला 40 हजार, 7 वर्षांचे 2 लाख 80 हजार. वर धागाकर्त्यानं किती व्याज लिहिलंय? 2 लाख 81 हजार. तुम्ही फसला नाहीत, पण स्वस्तातही मिळालेलं नाही. रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जांना की फॅक्ट स्टेटमेंट सक्तीचं केलंय. प्रोसेसिंग फी वगैरे धरून वर्षाचा खरा दर किती पडतो, ते त्या कागदावर असतं. दोन ठिकाणची तुलना करायची तर तो आकडा बघायचा, तोंडी सांगितलेला नाही.

अजिंक्यतारा, तुमचे दोन्ही आकडे बरोबर आहेत. वजाबाकी चुकली.

एफडीतले 2 लाख 7 वर्षं हलत नाहीत म्हणून त्यांच्यावर सव्वा लाख मिळतात. कर्जातले 2 लाख मात्र दर महिन्याला थोडे थोडे परत जातात, म्हणून त्यांच्यावर 70 हजारच लागतात. पण परत जातात ते कुठून? त्या 2 लाखांचा हप्ता 3,218 रुपये पडतो आणि तो एफडीतून जात नाही, पगारातून जातो. ज्यानं 2 लाख आधीच भरले, त्याच्या खिशात हे 3,218 दर महिन्याला उरतात. त्यानं त्याच 7 टक्क्यांच्या आरडीत ते टाकले तर 84 महिन्यांनी किती होतील? सुमारे 3 लाख 47 हजार. तुमच्या एफडीचे 3 लाख 25 हजार. म्हणजे 55 हजारांचा फायदा नाही, 22 हजारांचा तोटा आहे. शिवाय आरडी असो की एफडी, व्याजावर कर आहेच. कर्ज लवकर फेडून जे व्याज वाचतं, त्यावर कर नसतो.

9 टक्क्यांनी घेऊन 7 टक्क्यांनी ठेवायचं आणि त्यात फायदा, असं असतं तर आम्ही बँकवाल्यांनी दुकान कधीच बंद केलं असतं.

भडंगवाला:
अजिंक्यताऱ्यावरून कडेलोट!

अजिंक्यतारा_11:
मान्य. पगारातून जाणारा हप्ता मी धरलाच नव्हता. पण एक विचारतो ताई. त्या 3,218 ची आरडी प्रत्यक्षात करतं कोण? महिन्याला उरलेले तीन हजार मॅप्रोत आणि कास पठाराच्या चकरांत जातात. एफडी निदान दिसत तरी राहते.

आणि दुसरं. 7 वर्षांत 22 हजार म्हणजे महिन्याला 260 रुपये. 260 रुपयांत 2 लाख हाताशी राहत असतील तर ते महाग आहे का? माझं गणित चुकलं, सल्ला चुकला असं अजून वाटत नाही.

निवृत्त_शाखाधिकारी:
हा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मी खोडणार नाही. नोकरी खासगी असेल तर हाताशी पैसा हवाच. फक्त त्याला फायदा म्हणू नका, भाडं म्हणा.

धागाकर्त्यांना एक सांगायचं राहिलं. तुमचे ते 1 लाख 34 हजार दोन वेगळ्या निर्णयांचे आहेत आणि तुम्ही ते एकात मिसळलेत. मधे एक पायरी टाकून बघा: 6 लाखच घ्या, पण मुदत 7 वर्षंच ठेवा. हप्ता 9,653 आणि व्याज 2 लाख 11 हजार. म्हणजे रक्कम कमी केल्यानं 70 हजार वाचले, आणि पुढे मुदत 7 वरून 5 वर आणल्यानं आणखी 64 हजार. पहिल्या सत्तर हजारांसाठी तुमची एफडी जाते. दुसऱ्या चौसष्ट हजारांसाठी एफडीला हातही लागत नाही, फक्त महिन्याला 2,800 जास्त जातात. कुठला त्रास जास्त सोसवतो ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

वाळव्याच्या दादांना: शेती कर्जात सहामाही, वार्षिक हप्ते मिळतात, ट्रॅक्टरला तर सर्रास. बिल ज्या महिन्यात हातात पडतं त्याच्या पुढच्या महिन्याची तारीख मागून घ्या. बिल लांबलं तर तारीख चुकायला नको. पण एक लक्षात ठेवा. सहा महिने मुद्दल हलत नाही, त्यामुळे तेवढ्याच दरात व्याज महिन्याच्या हप्त्यापेक्षा थोडं जास्त होतं.

ऊसवाला_वाळवा:
लई उपकार ताई. कारखान्यानं बिल चौदा दिवसात द्यायचं असा कायदा हाय म्हणं. कायदा हाय खरा!

सज्जनगड_पायथा:
तुमचं घरकर्ज चालूच आहे ना? मग त्यावरच टॉप-अप घ्या. गाडीच्या कर्जापेक्षा दर कमी. मी साडेआठ टक्क्यांनी 6 लाख उचलले, 15 वर्षांसाठी. हप्ता फक्त 5,908. गाडीवर बँकेचा बोजाही नाही. निम्म्यापेक्षा कमी हप्त्यात गाडी दारात.

मिरज_पॅसेंजर:
हे भारी वाटतंय. अर्धा टक्का कमी आणि हप्ता निम्मा?

निवृत्त_शाखाधिकारी:
थांबा थांबा. 5,908 ला 180 नं गुणा. 10 लाख 63 हजार. 6 लाखांवर 4 लाख 63 हजार व्याज, आणि गाडी तोवर भंगारात. अर्ध्या टक्क्याची सूट मुदतीनं खाल्ली. टॉप-अप वाईट नाही, पण तो 5 वर्षांतच फेडायचा असा हप्ता बांधून घेतला तर. तो साधारण 12,310 बसेल. आता सांगा, गाडीच्या कर्जापेक्षा महिन्याला किती वाचले? दीडशे रुपये. त्यासाठी घर गहाण वाढवायचं का?

सज्जनगड_पायथा:
माझी दोन वर्षं होऊन गेली ताई. आता काय करू?

निवृत्त_शाखाधिकारी:
घाबरू नका. तुमचा दर बहुतेक बदलता असेल. वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. दिवाळीचा बोनस आला की भरत जा. आणि भरताना अर्जात स्पष्ट लिहा की हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा. काही लिहिलं नाही तर काही ठिकाणी उलटं होतं, हप्ता कमी होतो आणि मुदत तशीच राहते. मग भरूनही व्याज फारसं वाचत नाही.

कृष्णाकाठ:
इथं सगळे व्याजावर बोलताहेत. मी गाडीवर बोलतो.

2018 च्या दिवाळीत गाडी घेतली. तेव्हा वाटलं, आपले पैसे कशाला अडकवा. रस्त्यावरच्या किमतीच्या जवळजवळ 95 टक्के कर्ज काढलं, 7 वर्षांचं. ऑगस्ट 2019 ला महापूर आला. आम्ही शामरावनगरला. पाणी येणार म्हणून सामान वरच्या मजल्यावर चढवलं, माणसं पाहुण्यांकडे पाठवली, गाडी काढायची राहिली. चार दिवसांनी पाणी उतरलं तेव्हा गाडीच्या टपावर गाळाची रेघ होती.

विमा होता. सर्व्हेअर आला, गाडी टोटल लॉस म्हणाला. मला वाटलं सुटलो. पण गाडीवर बोजा असला की विम्याचे पैसे आधी बँकेला जातात. विमा कंपनी पैसे देते ते पॉलिसीवर लिहिलेल्या किमतीचे. ती किंमत शोरूमच्या किमतीवरून काढतात, त्यात रोड टॅक्स नाही, विम्याचा हप्ता नाही, आणि शिवाय घसारा वजा. मी मात्र टॅक्ससकट सगळ्यावर कर्ज काढलेलं. दहा महिन्यांत मुद्दल फारसं फिटलेलं नव्हतं, सुरुवातीचे हप्ते निम्मे व्याजातच जातात. विम्याचे सगळे पैसे बँकेनं घेतले आणि वर माझ्याकडे 41 हजार बाकी निघाले. नसलेल्या गाडीचे 41 हजार मी भरलेत.

तेव्हा दादा, वडिलांचं ऐका.

भडंगवाला:
यावर विनोद नाही. आमच्याकडेही पाणी आलं होतं.

मिरज_पॅसेंजर:
हे माझ्या डोक्यातच नव्हतं. ताई, माझ्या आकड्यांवर असं होऊ शकतं का?

निवृत्त_शाखाधिकारी:
कृष्णाकाठ यांनी फार महत्त्वाचं सांगितलं. आमच्याकडे 2005 च्या पुरानंतरही असे लोक यायचे.

विम्याच्या ठरलेल्या घसाऱ्यानं शोरूमच्या किमतीतून एक वर्ष पूर्ण झालं की 20 टक्के, दोन झाली की 30 टक्के आणि तीन झाली की 40 टक्के कमी होतात. तुमची शोरूमची किंमत 8 लाख 60 हजार. पहिलं वर्ष संपून नवी पॉलिसी घेतली की गाडी धरली जाईल 6 लाख 88 हजारांना, दुसरं संपलं की 6 लाख 2 हजारांना.

आता 8 लाख, 7 वर्षं घेतलंत तर एका वर्षानं बाकी असेल 7 लाख 14 हजार. दोन वर्षांनी 6 लाख 20 हजार. दोन्ही वेळा बाकी गाडीपेक्षा मोठी. तीन वर्षांनी कुठे ती दोन्ही 5 लाख 17 हजारांच्या आसपास येऊन भेटतात. तोवर तुम्ही 36 हप्त्यांत 4 लाख 63 हजार भरलेले असतील आणि त्यातले 1 लाख 80 हजार नुसतं व्याज असेल. म्हणजे बदली झाली, नोकरी गेली, गाडी विकायची वेळ आली तरी पहिली तीन वर्षं विकून कर्ज फिटेलच असं नाही. खरी विक्रीची किंमत तर गाडीगणिक वेगळी.

6 लाख, 5 वर्षं असेल तर एका वर्षानं बाकी 5 लाख, दोन वर्षांनी 3 लाख 92 हजार. कधीही विका, बँकेचं देऊन हातात काहीतरी उरतं. कर्ज किती घ्यावं याचं माझं माप हेच: बाकी कायम गाडीच्या किमतीखाली राहिली पाहिजे. व्याजाचा विचार त्यानंतर.

अजिंक्यतारा_11:
मग 8 लाख, 7 वर्षं घेऊन 2 लाखांची एफडी बाजूला ठेवली तर? बाकी जास्त निघाली तर त्यातून भरता येईलच की. कृष्णाकाठ यांच्याकडे एफडी असती तर 41 हजार जड गेले नसते.

कृष्णाकाठ:
असती तर. माझी एफडी त्याच वर्षी बहिणीच्या लग्नात मोडली होती. एफडी दिसते म्हणूनच मोडते, अजिंक्यराव.

सायकलवाली_मिरज:
एक पर्याय कुणी बोललंच नाही. मी 7 वर्षांचंच घेतलं, पण मनात 5 वर्षांचा हप्ता धरून वरचे पैसे भरत गेले. अडचणीच्या महिन्यात फक्त बँकेचा हप्ता. दोन्हीकडचा फायदा. हप्ता काढायला एक्सेलमध्ये हे टाका, रक्कम आणि महिने बदलून बघत बसा:

```
=PMT(9%/12,84,-800000)
```

निवृत्त_शाखाधिकारी:
करारात मुभा असेल तर हे उत्तम. दर तोच असला आणि 5 वर्षांचा हप्ता नेमानं भरला तर कर्ज 5 वर्षांतच संपतं, व्याजही तेवढंच लागतं. पण गाडीचं कर्ज बहुतेक ठिकाणी स्थिर दराचं असतं, आणि स्थिर दरावर दंड लावायला मोकळीक असते. तुमचा करार काय म्हणतो?

सायकलवाली_मिरज:
माझ्या बँकेनं सांगितलेलं, दंड नाही. नंतर कळलं की पहिले 12 हप्ते होईपर्यंत जास्तीचं भरताच येत नाही, आणि पुढेही वर्षातून दोनदाच. म्हणून मी साठवून जून आणि डिसेंबरमध्ये भरते. एक डिसेंबर चुकला. खरं सांगायचं तर दोन चुकले.

भडंगवाला:
सांगलीकर बाई प्रामाणिक निघाल्या.

मिरज_पॅसेंजर:
मंडळी, आठवड्यानं आलो. काय झालं ते सांगतो.

बँकेत जाऊन की फॅक्ट स्टेटमेंट मागितलं. साहेबानं आधी वर बघितलं, मग प्रिंट काढली. दर स्थिर निघाला, आणि मुदतीआधी फेडलं तर उरलेल्या रकमेवर दंड. म्हणजे सायकलवाली ताईंची युक्ती इथं चालणार नाही, मुदत आत्ताच नीट ठरवायला हवी. आणखी एक गंमत: 8 लाखांत 22 हजारांचा कर्जसुरक्षा विमा आधीच घातला होता. विचारलं तर म्हणाले, ऐच्छिक आहे. मग काढा म्हटलं.

6 लाख, 4 वर्षंही बघितलं. व्याज 1 लाख 17 हजारांवर येतं, पण हप्ता 14,931. घरकर्ज धरून पगाराचा निम्मा हप्त्यातच जाईल, मग पेट्रोल कशानं भरू? 5 वर्षंच ठेवली.

उरला एफडीचा प्रश्न. 1 लाख 10 हजारांवर छाती होत नव्हती. 2020 ला आमच्या कंपनीत चार महिने अर्धा पगार होता. शेवटी कर्ज वाढवण्याऐवजी गाडीच उतरवली. एक मॉडेल खालचं घेतलं, रस्त्यावर 9 लाख 5 हजार. कर्ज 6 लाख, खिशातून 3 लाख 5 हजार, एफडीत 1 लाख 95 हजार राहतात. बाबा खूश.

अजिंक्यतारा_11:
म्हणजे 2 लाख हाताशी ठेवलेच ना शेवटी? मी काय म्हणत होतो!

निवृत्त_शाखाधिकारी:
ठेवले, पण भाडं न देता. दुसऱ्या बँकेत बदलत्या दरानं मिळतं का तेही बघून घ्या, सही व्हायच्या आधी. शेवटचा हप्ता गेला की बँकेकडून ना हरकत पत्र आणि फॉर्म 35 घेऊन आरटीओत बोजा उतरवून घ्या. लोक इथंच आळस करतात आणि गाडी विकताना धावतात.

कंदी_पेढा:
खालच्या मॉडेलमध्ये काय काय गेलं?

मिरज_पॅसेंजर:
सनरूफ. घरात ते अजून सांगितलेलं नाही.

भडंगवाला:
त्याचा वेगळा धागा काढा. तिथं ताईंचं गणित चालणार नाही.